कधी दोन पानं, कधी एकही नाही: पियानोवादिका आणि ब्लूटूथ पेडल

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका पियानोवादिकेचं आहे. व्हायोलिनवादकाला साथ करणं हे तिचं मुख्य काम. तिची आणि कार्यक्रमाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तांत्रिक बाजू बघायला मला बोलावलं होतं, त्यामुळे यातलं बरंचसं मी शेजारी बसून पाहिलेलं आहे.

व्हायोलिन आणि पियानोच्या रचनेत व्हायोलिनवादकाच्या हाती फक्त त्याची ओळ असते. पियानोवादकासमोर मात्र स्वतःच्या दोन ओळी आणि त्यावर बारीक अक्षरात व्हायोलिनची ओळ, असं तिन्हीचं नोटेशन असतं. साहजिकच त्याची पानं कितीतरी जास्त होतात, आणि ती उलटायला हात मोकळा सापडेलच असं नाही. म्हणून शेजारी उभं राहून पान उलटणारा माणूस लागतो. तिचा नेहमीचा माणूस या वेळी येणार नव्हता, आणि आयत्या वेळी नवा माणूस तिला नको होता. म्हणून नोटेशन आयपॅडवर ठेवून पायाच्या ब्लूटूथ पेडलने पानं उलटायचं तिने ठरवलं.

तिच्याकडे अकरा इंची आयपॅड होता. ए-४ आकाराचं पान त्यावर मावतं, पण मूळच्या साधारण तीन चतुर्थांश आकाराचं होऊन. कडेची कोरी जागा कापून टाकली की स्वर पुष्कळ मोठे दिसतात आणि पियानोच्या स्टँडवर ठेवून वाचता येतात. आधी तिने फोनवर करून पाहिलं होतं. तिथे पानाची रुंदी एक तृतीयांशावर येते. एका ओळीची सुरावट आणि वर कॉर्डची नावं एवढंच असेल तर फोन चालतो, तीन ओळींच्या नोटेशनला नाही.

पेडल साधं, दोन बटणांचं होतं: उजवं पुढच्या पानासाठी, डावं मागच्या. अशी बहुतेक पेडलं आयपॅडला किंवा फोनला आपण ब्लूटूथ कीबोर्ड आहोत असं सांगतात. कीबोर्ड मात्र दोनच कळांचा. पाय दाबला की उजव्या बाणाची किंवा `Page Down`ची कळ जाते, आणि नोटेशनचं अॅप ती पान उलटण्याचा हुकूम म्हणून घेतं. पुढे जे काही घडलं, त्यातलं बरंचसं या कीबोर्डपणातून घडलं.

अडचण

तालमीत पेडल कधी दोन-तीन पानं एकदम पुढे न्यायचं, तर कधी पाय दाबूनही ढिम्म हलायचं नाही. तिचं म्हणणं होतं, "एकदा एक, एकदा दुसरं. याचा काही नेमच नाही." व्हायोलिनवादकाला खात्री होती की तालमीच्या खोलीतल्या वायफायमुळे सिग्नल तुटतोय. पेडल बदलून टाकावं, असंही बोलणं झालं.

मला खटकलं ते वेगळंच. सिग्नल तुटत असेल तर दाबलेलं पोचणार नाही, हे पटण्यासारखं आहे. पण एकदा दाबलेलं तीनदा कसं पोचेल? दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या असतील असं वाटेना. म्हणून तिला एवढंच सांगितलं, की पुढच्या तालमीत बिघाड झाला की त्या बारवर पेन्सिलीने खूण कर: जास्त पानं गेली तर फुली, गेलीच नाहीत तर गोल.

खुणांवरून चित्र लगेच स्पष्ट झालं. फुल्या बहुतेक सगळ्या संथ भागात होत्या. गोल होते ते लांब थांबल्यानंतरच्या पहिल्याच पानावर: चहा पिऊन आल्यावर, किंवा एखाद्या जागेवर दोघांची बराच वेळ चर्चा झाल्यावर.

कारणांचा शोध

आधी फुल्या पाहिल्या. आयपॅडवरच्या नोंदींच्या अॅपमध्ये एका ओळीत 1234567890 असे आकडे लिहिले, कर्सर १ च्या आधी ठेवला आणि पेडल बाणाच्या मोडमध्ये टाकलं. (पेडल जोडलेलं असलं की पडद्यावरचा कीबोर्ड दिसत नाही, कारण आयपॅडच्या दृष्टीने खरा कीबोर्ड जोडलेला असतो. म्हणून आकडे आधी लिहून घ्यायचे आणि मग पेडल सुरू करायचं.) पाय टेकवून लगेच उचलला की कर्सर एकच आकडा पुढे सरके. मग तिला म्हटलं, "आता संथ भागात दाबतेस तसं दाब." तिने पाय ठेवला आणि ठेवूनच दिला. कर्सर एक आकडा सरकला, क्षणभर थांबला आणि मग सरसर ओळीच्या शेवटी गेला.

कीबोर्डची कळ दाबून धरली की अक्षर पुन्हा पुन्हा उमटू लागतं, तोच हा प्रकार. पियानोवादकाच्या पायाला पेडल म्हणजे दाबून धरायची वस्तू. सस्टेन पेडल कॉर्ड बदलेपर्यंत धरायचं आणि मग सोडायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. जलद भागात तिचा पाय आपोआप झटकन उठे, म्हणून तिथे फुली नव्हती. संगीत संथ झालं की पायही संथ होई आणि अर्धा-एक सेकंद तिथेच राही.

गोलांचं कारण पेडलच्या माहितीपत्रकातच सापडलं. दहा मिनिटं वापर झाला नाही तर बॅटरी वाचवण्यासाठी ते झोपतं. त्यानंतर पाय दाबला की जागं होतं आणि आयपॅडशी पुन्हा जोडून घेतं. यात दोन-तीन सेकंद जातात, आणि ज्या दाबाने ते जागं झालं तो दाब वाया जातो. ती काय करायची, तर पान हललं नाही म्हणून आणखी जोरात आणि आणखी वेळ दाबायची. तोवर जोडणी झालेली असायची, आणि दाबून धरल्यामुळे दोन पानं जायची. पहिल्या बिघाडावर तिने केलेला उपाय दुसऱ्या बिघाडाला आमंत्रण देत होता. नेम लागत नव्हता तो यामुळे.

वायफायचा संशय तपासून टाकणंही गरजेचं होतं. दोन्ही एकाच पट्ट्यात, २.४ गिगाहर्ट्झवर चालू शकतात, म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती. पण ब्लूटूथ सतत वाहिनी बदलत राहतं आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळतं, आणि पेडल ते आयपॅड अंतर जेमतेम मीटरभर. खोलीतलं वायफाय बंद ठेवून एक तालीम केली. फुल्या आणि गोल होते तिथेच राहिले, तेव्हा तो विषय संपला.

पर्याय

कागदावर परत जाणं हा पहिला पर्याय. तो आम्ही हसण्यावारी नेला नाही. कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले होते, आणि माणूस पान उलटतो तेव्हा मान हलवून खूण करायची सोय असते. पण भरवशाचा माणूस मिळेना.

चेहऱ्याच्या हालचालीवर पान उलटणारी अॅपं आहेत. डोळा मिचकावला किंवा ओठ एका बाजूला वळवले की पान जातं. तिने एक दुपार करून पाहिलं. वाजवताना आपला चेहरा किती हलतो हे तिला पहिल्यांदाच कळलं, आणि तो पर्याय तिथेच निकालात निघाला. ठरावीक गतीने पान सरकवत नेण्याची सोयही होती. पण दोघं मिळून वाजवताना गती श्वासागणिक बदलते, त्यामुळे ती तालमीपुरतीच उपयोगी.

अर्धं पान उलटण्याचा पर्याय जास्त मोहाचा होता. एकदा दाबलं की वरच्या अर्ध्यात पुढच्या पानाचा वरचा भाग येतो, खाली चालू पानाचा खालचा भाग तसाच राहतो. म्हणजे नेमक्या क्षणी उलटण्याची घाई उरत नाही. पण पुढच्या पानाचा खालचा भाग आणायला पुन्हा दाबावं लागतं, म्हणजे दाबण्याची संख्या दुप्पट. पायाची सवय हाच मूळ प्रश्न असताना दाब दुप्पट करणं मला पटलं नाही. ज्यांचा पाय सरावला आहे त्यांना हीच सोय उत्तम वाटेल.

नवं पेडल घेण्याचा विचार सोडला. काही पेडलं कितीही वेळ धरलं तरी एकच दाब पाठवतात, काहींची झोप बंद करता येते. पण ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर नवी वस्तू, नवं वजन आणि बटणांतलं नवं अंतर पायाला शिकवणं म्हणजे तालमीचे दिवस त्यात घालवणं. जुन्या पेडलच्या खोडी निदान आता माहीत झाल्या होत्या.

काय केलं

पानं सरसर जाण्याचा उपाय सेटिंगमध्ये होता. आयपॅडवर `Settings` → `Accessibility` → `Keyboards` इथे `Key Repeat` आहे. ते बंद केलं. आकड्यांची ओळ पुन्हा उघडली, पाय धरून ठेवला, आणि कर्सर एका आकड्यावर उभा राहिला. तिथेच जवळ `Slow Keys` दिसतं. चुकून पाय लागला तर पान जाऊ नये म्हणून ते चालू करावं, असं व्हायोलिनवादकाने सुचवलं. ते केल्यावर कळ ठरावीक वेळ दाबून धरल्याशिवाय मानलीच जात नाही. म्हणजे आम्ही तिला झटकन सोडायला सांगत होतो, आणि आयपॅड म्हणणार, धरून ठेव. ते बंदच ठेवलं.

अँड्रॉइडवाल्यांसाठी एक सूचना. अशी सेटिंग प्रत्येक उपकरणात सापडेलच असं नाही. नोटेशनच्या काही अॅपमध्ये दोन पानांमधलं किमान अंतर ठरवता येतं. ते एक सेकंद ठेवलं तर पुष्कळ काम भागतं, पण पाय त्याहून जास्त धरला तर दुसरं पान जाणारच. आणि अंतर फार वाढवलं तर मुद्दाम लागोपाठ दोन पानं उलटता येत नाहीत. तिथे पायाच्या सवयीला पर्याय नाही.

झोपेचं काय करायचं, हा निर्णय मला सगळ्यात रंजक वाटला. कार्यक्रमात एक एकल व्हायोलिनची रचना होती, पाव तासाची. त्या वेळात ती मंचाबाहेर जाणार होती. मध्यंतरही होतं. म्हणजे पेडल दोनदा नक्की झोपणार. अधूनमधून दाबून जागं ठेवावं, तर दाबलं की पान उलटतं. शेवटी पेडलला झोपू द्यायचं ठरवलं आणि वाया जाणारा दाब कुठे जाईल ती जागा ठरवली. प्रत्येक रचनेच्या आधी एक पान घातलं, त्यावर मोठ्या अक्षरात फक्त रचनेचं नाव. बाकावर बसायचं, पेडल दाबायचं. नाव जाऊन संगीताचं पहिलं पान आलं तर जोडणी आहे. नाव तसंच राहिलं तर तीनपर्यंत मोजायचं आणि पुन्हा एकदाच दाबायचं. तोवर एकही स्वर वाजलेला नसतो. रचना चालू असताना कुठलंच पान दहा मिनिटं टिकत नाही, त्यामुळे मध्येच झोप लागण्याचा धोका नव्हता.

याच धाग्याने पुढची गाठ सुटली. संथ भागात एके ठिकाणी पानाच्या अगदी शेवटी तिचा उजवा पाय सस्टेनवर आणि डावा सॉफ्ट पेडलवर असायचा. पान उलटायला तिसरा पाय आणणार कुठून? छापील पुस्तकात पान कुठे संपतं ते प्रकाशकाच्या हाती असतं, पडद्यावर तसं बंधन नाही. त्या पानाची एक प्रत करून पुढे जोडली. पहिली प्रत चौथ्या ओळीच्या शेवटी कापली, कारण तिथे डावा पाय चार बार मोकळा होता. दुसऱ्या प्रतीत पाचवी ओळ ठेवली आणि तिच्याखाली पुढच्या पानाच्या सुरुवातीच्या ओळी घेतल्या. आता उलटायची जागा ओळभर आधी आली.

पुनरावृत्तीलाही प्रतीच कामी आल्या. पहिल्या भागात चार पानं मागे जाऊन सगळं पुन्हा वाजवायचं होतं. डावं बटण चारदा दाबण्यात एखादा दाब हमखास कमीजास्त होतो. अॅपमध्ये पडद्यावर टिचकी मारून उडी घेण्याची सोय होती, पण त्यासाठी हात उचलावा लागतो. म्हणून ती पानं पुन्हा एकदा पुढे जोडली आणि फाइल सलग केली. मागे जाण्याची गरज कुठेच उरली नाही, तेव्हा पेडल थोडं सरकवून डावं बटण पायापासून लांब नेलं. एक काळजी घ्यावी लागते: पेन्सिलीच्या खुणा आधी करून मग प्रती काढायच्या. नाहीतर पहिल्या वेळी बोटांचे क्रमांक दिसतात आणि पुनरावृत्तीत कोरं पान समोर येतं.

रंगीत तालमीत मात्र पेडल पूर्ण गप्प. त्यावरचा दिवा स्थिर जळत होता, म्हणजे ते कुणाशीतरी जोडलेलं होतं. कुणाशी? तिच्या पर्समधल्या फोनशी. सुरुवातीला फोनवर प्रयोग केला होता, तेव्हाची जोडणी तशीच राहिली होती, आणि पेडल जागं झालं तेव्हा फोनने आधी हात दिला. फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन `Forget This Device` केलं. नुसतं कंट्रोल सेंटरमधून ब्लूटूथ बंद करून भागत नाही, ते दुसऱ्या दिवशी आपोआप परत सुरू होतं.

निकाल

कार्यक्रमात एकही पान जास्त गेलं नाही. मध्यंतरानंतर आणि एकल रचनेनंतर पहिला दाब ठरल्याप्रमाणे वाया गेला, नावाचं पान तसंच राहिलं, तिने थांबून पुन्हा दाबलं. प्रेक्षकांना ती बाक नीट करतेय असंच वाटलं असेल.

एक पान चुकलं, तेही शेवटच्या जलद भागात. मंचाची लाकडी फरशी गुळगुळीत होती. दर दाबाला पेडल किंचित पुढे सरकत गेलं आणि शेवटी पायाखाली फक्त त्याची कड आली. दाब लागलाच नाही. तिने दोन बार आठवणीने वाजवले, पाय पुढे घेऊन पुन्हा दाबलं आणि तिसऱ्या बारला पान आलं. व्हायोलिनवादकाला नंतर सांगितलं तेव्हा कळलं.

काय वेगळं करता आलं असतं

पेडल सरकणं हे तालमीत कळायला हवं होतं, पण तालमीची खोली सतरंजीची होती. मंचावर निदान एक पूर्ण भाग वाजवून पाहायला हवा होता, आणि तोही कार्यक्रमाच्याच बुटांनी. तालमीत ती अनवाणी असायची, त्यामुळे बटण तळव्याला कळायचं. जाड टाचेच्या बुटातून ते कळत नाही. आता पेडलखाली रबराची पातळ चटई असते आणि तिची जागा चिकटपट्टीने आखलेली असते.

कारणं शोधण्याआधी वायफाय आणि नवं पेडल यांवर बरीच चर्चा झाली. फुली आणि गोल पहिल्याच तालमीत केले असते तर ती वाचली असती. आकड्यांच्या ओळीची चाचणी तर पेडल खोक्यातून काढल्याबरोबर करता येते. ती करताना पाय वाजवताना ठेवतो तसाच ठेवायचा, मुद्दाम नीट दाबून पाहिलं तर काहीच सापडत नाही.

आमच्यात अजून एका गोष्टीवर एकमत नाही. तिने छापील प्रत पियानोवर आडवी ठेवली होती. मला ती नको होती, कारण प्रत्येक पानाचा शेवट आता वेगळ्या जागी होता, आणि मध्येच कागदावर जायचं तर योग्य ओळ शोधण्यातच बार निघून गेले असते. माझ्या मते खरी सोय म्हणजे हात मोकळा असेल तिथे पडद्यावर बोट सरकवणं. तशा जागा नोटेशनमध्ये हिरव्या खुणेने आधीच ठरवून ठेवाव्यात, असं मी सुचवलं. तिने खुणा केल्या. कागदाची प्रत मात्र पुढच्या कार्यक्रमालाही पियानोवर होतीच.